सातूचं पीठ घरी: भाजणं, दळणं आणि आपल्या दमट हवेत टिकवणं

आपल्याकडे थालीपिठाची भाजणी करायला बसलेला हात सातूचं पीठही त्याच अंदाजाने करतो, आणि चुकतो तिथेच. भाजणीचं पीठ पुन्हा तव्यावर जातं. एखादा दाणा कच्चा राहिला, दळताना दुसऱ्याचं पीठ मिसळलं, तरी तव्यावरची आच ते सांभाळून घेते. सातूचं पीठ पाण्यात किंवा दुधात कालवलं की लगेच तोंडात जातं. मध्ये कुठलीही आच नाही. म्हणून भाजणं पूर्ण हवं, चक्की स्वच्छ हवी आणि ठाणे-नवी मुंबईच्या हवेत दळलेल्या पिठाला ओल लागता कामा नये. पुढची सगळी कृती या तीन गोष्टींभोवती आहे.

आधी नावाचा घोळ

मराठीत सातू म्हणजे मुळात जव. जुन्या पद्धतीच्या सातूच्या पिठात घराघराप्रमाणे गहू, डाळं आणि कधी जव असतात, आणि ते गूळ घालून दुधात किंवा पाण्यात कालवून खातात. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात सत्तू म्हटलं की बहुतेक वेळा निव्वळ भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. त्यामुळे किराणा दुकानात नुसतं ‘सातू द्या’ म्हटलंत तर एक दुकानदार जवाचे दाणे देईल आणि दुसरा हरभऱ्याच्या सत्तूचं पाकीट. हवं ते नाव घेऊनच मागा: डाळं, गहू, सोललेले जव.

इथे दिलेलं प्रमाण दोन्हींच्या मधलं आहे. डाळं जास्त ठेवल्यामुळे सरबत चांगलं होतं, आणि गहू-जव असल्यामुळे पीठ गोडाकडेही वळवता येतं आणि कणकेतही जातं.

काय घ्यायचं

डाळं 1 किलो, गहू 500 ग्रॅम, सोललेले जव 250 ग्रॅम. बस. मीठ, साखर, गूळ, जिरं, सुंठ यातलं काहीही दळणात घालू नका. मीठ आणि गूळ दमट हवेत पाणी ओढतात आणि डब्यातल्या पिठाचे खडे करतात. जिरं-सुंठीचा वास महिनाभरात उडतो, शिवाय मग तेच पीठ वेलची घालून दुधात कालवता येत नाही. मसाला पेल्यात घालायचा.

डाळं म्हणजे भट्टीवर गरम वाळूत फुलवून सोललेला हरभरा, पंढरपुरी डाळं म्हणतात ते. कच्चा हरभरा घरी कढईत भाजून हे साधत नाही. भट्टीवाले हरभरा आधी गरम करून, पाणी शिंपडून मुरवतात आणि मग कडक तापलेल्या वाळूत थोडाच वेळ परततात. आतल्या ओलीची एकदम वाफ होते, दाणा फुलतो, सालपट सुटतं आणि डाळ आतून सच्छिद्र आणि ठिसूळ होते. घरच्या कढईत दाणा बाहेरून करपतो, आत कडकच राहतो आणि पिठाला बेसनाचा कच्चा वास येतो. म्हणून हरभऱ्यापुरतं भट्टीवर विसंबणंच योग्य.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीच्या दाणा बाजारात डाळं सुटं मिळतं. घेण्याआधी दोन दाणे चावून पाहा. ताजं डाळं कट्‌कन फुटतं आणि जिभेवर पिठूळ होतं. दाताखाली दबलं, चिवट लागलं तर त्याने हवा धरली आहे. जुनाट तेलासारखा वास किंवा शेवटी कडसर चव आली तर ते भाजूनही सुधारत नाही, घेऊ नका. खारे किंवा हळद लावलेले फुटाणे यासाठी चालत नाहीत. साधे फुटाणे घेतलेत तर सालं चोळून पाखडून टाका. सालासकट दळलेलं पीठ कणकेत खपतं, सरबतात मात्र ती सालं घशाला लागतात.

जव सोललेलेच घ्या. अख्ख्या जवाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं आणि फ्लॅटमध्ये उखळाशिवाय ते निघत नाही. दळलं तरी त्याचे बारीक काटे पिठात राहतात.

गहू ओला करायचा, मग भाजायचा

ही पायरी हल्ली बरेच जण गाळतात. कोरडा गहू थेट कढईत टाकला तर रंग येतो, पण दाणा आत कच्चा राहतो, कारण त्यातला स्टार्च शिजायला उष्णतेबरोबर पाणीही लागतं. दाण्यात थोडी ओल असेल तर तीच वाफ होऊन दाणा आतून शिजवते आणि फुलवते.

500 ग्रॅम गहू निवडून परातीत घ्या. अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी, म्हणजे 60 मिलीच्या आसपास पाणी शिंपडून हाताने सगळ्या दाण्यांना लावा आणि ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यात 4 तास बांधून ठेवा. गहू पाण्यात भिजत घालायचा नाही. त्याने दाणा फार ओला होतो आणि मेच्या उकाड्यात आंबतो. मुरलेला गहू खरखरीत पंचावर पसरून दोन्ही तळव्यांनी जोर लावून चोळा, किंवा खलबत्त्यात मूठ मूठ घेऊन हलके ठोके द्या. वरचा कोंडा सुटेल, तो पाखडून टाका. सगळा निघणार नाही. 20-25 ग्रॅम निघाला तरी सरबताच्या तळाशी बसणारा भुसा बराच कमी होतो. मग पंख्याखाली अर्धा-पाऊण तास पसरा, म्हणजे दाणा वरून कोरडा आणि आतून ओलसर राहील.

भाजायला जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. एका वेळी 250 ग्रॅमच, त्याहून जास्त नाही. ढीग झाला की खालचे दाणे करपतात आणि वरचे वाफवले जातात. कढई आधी मध्यम आचेवर नीट तापवा, गहू टाकून पहिली दोन-तीन मिनिटं आच तीच ठेवा आणि सतत हलवा. तडतड सुरू होईल, काही दाणे फुगतील. मग आच मंद करून 6 ते 8 मिनिटं भाजा. रंग खमंग बदामी झाला की एक दाणा गार करून दाताखाली फोडा. आतून कुरकुरीत आणि एकसारखा पिवळसर असेल तर झाला. मध्ये खडूसारखा पांढरा, कडक ठिपका असेल तर दाणा कच्चा आहे. वरून काळे डाग आणि आत हा ठिपका, असं दोन्ही दिसलं तर आच मोठी झाली होती. करपलेल्या गव्हाचा कडवटपणा सगळ्या पिठात उतरतो, म्हणून काळे दाणे वेचून काढा आणि पुढचा घाणा मंद आचेवर घ्या.

जवावर दोन चमचे पाणी शिंपडून तासभर झाकून ठेवा आणि मंद आचेवर 10 ते 12 मिनिटं भाजा. जव उशिरा रंग बदलतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत भराभर तपकिरी होतात, तेव्हा कढईपासून हलू नका. डाळं आधीच भाजलेलं असतं. त्यातली दुकानातली ओल तेवढी काढायची. मंद आचेवर 4-5 मिनिटं, हाताला चटका बसेल इतकं गरम झालं की उतरवा. त्याला नव्याने रंग आणायचा नाही.

स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर इथे कामाला येतो. 500 ग्रॅम गहू कोंडा काढून, भाजून, गार झाल्यावर साधारण 430 ते 450 ग्रॅम भरायला हवा. 460-470 भरला तर ओल आत राहिली आहे. पुन्हा 3-4 मिनिटं मंद आचेवर घ्या. जव 230 ग्रॅमच्या आसपास, डाळं 970 च्या आसपास भरेल. म्हणजे दळायला एकूण 1,650 ग्रॅमच्या थोडं आत-बाहेर.

तिन्ही धान्यं मोठ्या परातीत पातळ पसरून पूर्ण गार करा. दीड-दोन तास पुरतात. रात्रभर उघडी ठेवू नका. खाडीकाठच्या हवेत सकाळपर्यंत कुरकुरीत डाळं मऊ पडतं. गार झालं की लगेच डब्यात बंद करा.

दळण: इथे खरी जोखीम

चक्कीच्या पाळ्यांत आणि नळीत आधीच्या माणसाचं पीठ नेहमी उरतं. ते कच्च्या गव्हाचं, तांदळाचं किंवा बेसनाचं असतं. पोळीला फरक पडत नाही, पण सातूचं पीठ शिजवायचं नसल्याने ते कच्चं पीठ तुमच्या पोटात जसंच्या तसं जातं. चव पिठूळ लागते आणि कच्च्या धान्यातले जंतूही त्याबरोबर येतात.

यावर सोपा उपाय आहे. दळायच्या धान्यातलं पाव किलो वेगळ्या पिशवीत न्या. चक्कीवाल्याला सांगा, ‘आधी एवढं टाका, ते वेगळं काढून द्या, मग बाकीचं बारीक दळा.’ पहिल्या पाव किलोबरोबर आधीचं पीठ धुऊन निघतं. ते पाव किलो फेकायचं नाही. थालीपीठ, पराठा, धिरडं अशा तव्यावर जाणाऱ्या कशालाही वापरा. त्यावर चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी तेच सरबताला घेईल. शिवाय, जिथे मिरची-हळद कुटतात त्या कांडपावर हे दळण नेऊ नका. तो तिखट वास जात नाही.

तिन्ही धान्यं एकत्र मिसळूनच दळा. नुसतं डाळं बारीक दळायला घातलं तर त्यातल्या तेलामुळे आणि पाळ्यांच्या उष्णतेमुळे पीठ पाळ्यांना चिकटतं आणि भरड येतं. गहू-जव बरोबर असले की ते सरकतं. दोन बोटांत चोळलं तर पावडरीसारखं लागलं पाहिजे. रवाळ लागलं तर पुन्हा एकदा घालायला सांगा.

घरघंटी असेल तर सर्वांत बारीक जाळी लावा आणि आधी आतलं पीठ ब्रशने झाडून काढा. मिक्सरवर करायचं तर एका वेळी 150 ग्रॅम, अर्धा मिनिट फिरवून थांबा, पुन्हा फिरवा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळणीत उरलेलं परत फिरवा. मिक्सरचं भांडं तापू लागलं की थांबायचं. तापलेल्या पिठातलं तेल लवकर खवट होतं.

चक्कीवरून पीठ गरम येतं. तसंच डब्यात बंद केलं तर झाकणाच्या आत वाफेचे थेंब धरतात, पीठ गोळा होतं आणि आठवड्याभरात बुरशीचा वास येतो. घरी आणल्या आणल्या कोरड्या सुती कापडावर पसरा, अर्धा-पाऊण तासात गार झालं की चाळून भरा.

टिकवणं

अख्खा भाजलेला दाणा पिठापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. दाणा फुटला की त्यातलं तेल हवेला उघडं पडतं. म्हणून वर्षाचं पीठ एकदम करू नका. वर दिलेलं प्रमाण चार माणसांच्या घराला उन्हाळ्यात साधारण महिनाभराचं आहे, तेवढंच करा.

मार्च ते मेमध्ये घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत पीठ महिनाभर बाहेर चांगलं राहतं. जूनमध्ये पाऊस लागला की 15 दिवसांचंच बाहेर ठेवा, बाकीचं फ्रिजमध्ये. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान बरण्या बऱ्या, कारण डबा उघडला की दर वेळी दमट हवा आत शिरते. ओटा, गॅस आणि कुकरच्या वाफेजवळ बरणी नको. चमचा कोरडाच हवा.

धान्यातून आलेली किड्यांची अंडी भाजताना मरतात. पिठात पोरकिडे किंवा जाळी दिसते ती नंतर, चक्कीतून किंवा नीट न धुतलेल्या डब्यातून. म्हणून डबा धुऊन उन्हात वाळवा. ज्यांच्याकडे फ्रीझरमध्ये जागा आहे त्यांनी पीठ पिशवीत घट्ट बंद करून 4 दिवस फ्रीझरमध्ये ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पीठ खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड पिठावर हवेतलं पाणी धरेल आणि केलेली मेहनत वाया जाईल.

पीठ बिघडलं हे ओळखताना तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या. गुठळ्या झाल्या आहेत पण वास आणि चव ठीक आहे, तर फक्त ओल लागली आहे. मंद आचेवर 5-6 मिनिटं परतून ते पीठ पराठ्याला संपवा. जुन्या तेलाचा वास आणि जिभेच्या मागे कडवटपणा आला, तर पीठ खवट झालं आहे, टाकून द्या. कुबट वास, हिरवट-करडे ठिपके दिसले तर बुरशी. तेवढा भाग काढून बाकीचं वापरू नका, आणि भाजूनही नको. बुरशीने सोडलेली विषारी द्रव्यं घरच्या आचेवर जात नाहीत.

सरबत

एका पेल्याला 3 मोठे चमचे पीठ (साधारण 30 ग्रॅम) आणि 300 मिली गार पाणी. पीठ पाण्यावर टाकायचं नाही. बाहेरचं पीठ आधी भिजून चिकट होतं आणि आत कोरडी गुठळी अडकते. पेल्यात पीठ घ्या, 3-4 चमचे पाणी घालून धिरड्याच्या गुळगुळीत पिठासारखं कालवा, मग धार धरून बाकीचं पाणी ओता. गरम पाणी नको, स्टार्च फुगून पिठल्याकडे जातं.

खाऱ्या सरबताला काळं मीठ पाव चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, अर्धं लिंबू, बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि कोथिंबीर. ठाण्या-बेलापूरकडे हातगाडीवर मिळणारं सत्तूचं सरबत या धर्तीचं असतं. गोडाला 2 चमचे चिरलेला गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, गुळात कचरा असतो. वर वेलची आणि चिमूटभर सुंठ. दुधात कालवणार असाल तर लिंबू अर्थातच नाही. आणि लहान मुलांना कोरडं पीठ तोंडात टाकायला देऊ नका, ठसका लागतो.

सरबत दहा मिनिटांत दाट होतं आणि पीठ खाली बसतं. ते पाणी घालून ढवळलं की सरळ होतं. पण कालवलेलं पीठ उन्हाळ्यात दोन तासांवर बाहेर राहिलं तर आंबू लागतं. ऑफिसला न्यायचं तर डबीत कोरडं पीठ-मसाला न्या, पाणी तिथे घाला. सवय नसलेल्या माणसाने पहिले काही दिवस एक-दीड चमच्यापासून सुरुवात करावी, एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं. गव्हाचं ज्यांना चालत नाही त्यांना हे पीठ चालणार नाही, जवही नाही. आणि निव्वळ डाळ्याचं पीठही सार्वजनिक चक्कीवर दळलं असेल तर त्यात गहू आलाच.

कणकेत आणि सारणात

हरभऱ्यात पोळीला लागणारा चिवटपणा नाही, आणि भाजताना गव्हातलाही जातो. म्हणून नुसत्या सातूच्या पिठाची पोळी लाटता येत नाही, कडा फाटतात. तीन भाग कणकेला एक भाग सातू ही लाटण्याची मर्यादा. 300 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम सातूचं पीठ, मीठ, अर्धा चमचा ओवा, 2 चमचे तेल आणि साधारण 260 मिली पाणी थोडं थोडं घालत. भाजलेलं पीठ पाणी सावकाश पण जास्त पितं. मळताना पीठ हाताला किंचित चिकटेल असं सैल ठेवा आणि 20 मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात ते बरोबर घट्ट होतं. आधीच पोळीसारखं घट्ट मळलं तर लाटेपर्यंत दगड होतो. तसं झालंच तर ओल्या हाताने पुन्हा तिंबा.

याहून चवदार म्हणजे सातू सारणात भरणं, जसं बिहारी लिट्टीत आणि पराठ्यात भरतात. 200 ग्रॅम पिठाला एक मोठा कांदा, 6-7 लसूण पाकळ्या, इंचभर आलं, 2 मिरच्या, ओवा, कलौंजी, लिंबू, आणि मोहरीचं तेल एक मोठा चमचा. घरात कैरीच्या लोणच्याचा खार असेल तर दोन चमचे तोही. मग पाणी अगदी शिंपडून, दोन-तीन मोठे चमचे. मुठीत दाबलं की मुटका व्हावा आणि बोटाने टोचलं की मोडावा. याहून कोरडं सारण तोंडात तोठरा बसवतं आणि लाटताना एका बाजूला सरकतं. याहून ओलं सारण कणीक फोडून बाहेर येतं. मीठ लागलेला कांदा पाणी सोडतो, म्हणून कणीक मळून झाली की मगच सारण कालवा आणि लगेच भरा. बाहेरची कणीक साध्या गव्हाचीच ठेवा.

लिट्टी खरी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर होते. फ्लॅटमध्ये अप्पेपात्र चालतं. लिंबाएवढे गोळे, मंद आच, झाकण ठेवून, दर 4-5 मिनिटांनी फिरवत 20 मिनिटं. आच मोठी केली तर कवच लाल होतं आणि त्याच्या आतली कणीक कच्ची राहते. एक लिट्टी फोडून पाहा. कवचाच्या आतल्या बाजूला ओलसर, चमकदार थर दिसला तर आणखी 5 मिनिटं. फोडूनच तुपात बुडवायची, म्हणजे तूप सारणापर्यंत जातं.